57 की 66? निराधार मावशींचे डोळे आणि वयाचा दाखला

2023 च्या उन्हाळ्यात उपजिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात माझ्याकडे एक फाईल आली. अर्जदार मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या विधवा बाई. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी त्यांनी अर्ज केला होता आणि त्या योजनेला वय 65 पूर्ण लागतं. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1966, म्हणजे वय 57. मतदार यादीत 63, रेशनकार्डावर 61. बाईंचं म्हणणं, "पासष्ट कवाच उलटली." शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, जन्माची नोंद नाही. अशा वेळी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. अधीक्षकांनी दात, क्ष-किरण आणि डोळे अशी तीन ठिकाणी कागदं फिरवली. माझ्याकडच्या कागदावर एकच ओळ होती: "नेत्र तपासणीवरून वयाबाबत अभिप्राय द्यावा."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासण्या आणि त्यांवरून केलेला विचार मात्र तसाच आहे.)

आधारवरची 1 जानेवारी पाहून लगेच काही निष्कर्ष काढायचा नसतो, पण ती तारीख बहुतेक वेळा काय सांगते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नोंदणीच्या वेळी तारीख सांगता आली नाही, अंदाजे वय सांगितलं आणि त्यावरून वर्ष बसवलं गेलं. तेव्हा प्रश्न असा होता की 57 आणि 66 यांतला फरक डोळ्यांत दिसतो का?

मावशी समोर बसल्या तेव्हा यंत्राची गरज पडण्याआधीच एक गोष्ट दिसत होती. दोन्ही डोळ्यांत काळ्या बुबुळाच्या कडेने फिकट, निळसर-पांढरं कडं. आम्ही त्याला आर्कस म्हणतो. गावात कुणी कुणी याला मोतीबिंदूची सुरुवात समजतं, पण दोघांचा काही संबंध नाही. हे कडं पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात असतं. मोतीबिंदू त्याच्या बराच मागे, बाहुलीच्या आतल्या भिंगात.

स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवून प्रकाशाची बारीक फट कडेवर टाकली की कड्याची ओळख पक्की होते. खऱ्या आर्कसची बाहेरची कड रेखीव असते आणि आतली कड पुसट होत जाते. शिवाय कडं आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये स्वच्छ, पारदर्शक काचेची एक अगदी बारीक पट्टी उरते. मावशींच्या डाव्या डोळ्यात ती पट्टी खालच्या बाजूला छान दिसत होती. कड्याची रुंदी मिलिमीटरभर. वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, म्हणून पापणी बोटाने उचलून बघावंच लागतं. नाहीतर "पूर्ण वर्तुळ" असं लिहून मोकळे होतो आणि प्रत्यक्षात फक्त खालची कमान पाहिलेली असते. डाव्या डोळ्यात वर्तुळ पूर्ण होतं. नाकाच्या बाजूला मात्र त्यावर वेल, म्हणजे पांढऱ्या भागावरून सरकत येणारा मांसल पडदा, चढली होती, उन्हाधुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात येते ती, आणि तेवढ्या जागेत कडं दिसत नव्हतं.

हे कडं म्हणजे चरबी. डोळ्याच्या कडेला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांतून कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थ झिरपून पारपटलाच्या कडेला साचतात. आधी वर आणि खाली दोन कमानी उमटतात, मग वर्षानुवर्षं त्या दोन्ही बाजूंनी लांबत जाऊन एकमेकींना भिडतात. नजरेवर याचा काही परिणाम होत नाही. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतला ढोबळ नियम असा की चाळिशीनंतर कमानी दिसू लागतात आणि पूर्ण वर्तुळ साधारणपणे साठीच्या आधी होत नाही. या नियमावर बोट ठेवलं असतं तर माझा अभिप्राय पाच मिनिटांत तयार होता: वर्तुळ पूर्ण, वय साठीच्या वर, आधार चूक.

पण मावशींचा मुलगा शेजारी उभा होता. त्याच्याशी बोलता बोलता माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. वर आणि खाली, दोन्ही डोळ्यांत ठळक कमानी. वय विचारलं तर 48.

48 व्या वर्षी थोडा आर्कस दिसला तर आकाश कोसळत नाही. पुरुषांत तो बायकांपेक्षा लवकर येतो. पण त्याच्या कमानी टॉर्चच्या उजेडातही हातभर अंतरावरून दिसाव्यात इतक्या जाड होत्या, आणि आई व मुलगा दोघांतही त्या ठळक असल्या की रक्तातल्या चरबीचा घराण्यातला दोष मनात येतो. तसं असेल तर आर्कस वयाच्या आधी धावतो. अशा घराण्यांत तो तिशीतही दिसतो. म्हणून दोघांच्याही रक्ताची तपासणी सांगितली. "दाखला माझा आन् रगत त्येचं कशाला?" असं मावशींनी विचारलं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होतं.

मावशींचं एकूण कोलेस्टेरॉल 262 आलं, त्यात वाईट समजलं जाणारं एलडीएल 178. मुलाचं एलडीएल 196. मुलाच्या घोट्यामागच्या शिरेवर गाठी नव्हत्या, पापण्यांवर पिवळे डाग नव्हते, तरी त्याला मेडिसिन विभागाकडे पाठवलं. 190 च्या वरचं एलडीएल सोडून देण्यासारखं नसतं. इथे एक बाब स्पष्ट करायला हवी. वयस्क माणसातला आर्कस म्हणजे हृदयरोगाची खूण, अशी समजूत डॉक्टरांतही पसरलेली आहे. कोपनहेगन शहरातल्या हजारो लोकांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून 2011 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पापण्यांवरच्या पिवळ्या डागांनी हृदयविकाराचा धोका स्वतंत्रपणे दाखवला. आर्कसने तो दाखवला नाही. साठीपुढच्या माणसाला कडं बघून घाबरवू नये. तरुणाचं कडं बघून मात्र रक्त तपासावं.

माझ्या अभिप्रायाच्या दृष्टीने या रिपोर्टचा अर्थ असा होता की मावशींचं पूर्ण वर्तुळ आता साठीचा पुरावा राहिलं नव्हतं. एवढं कोलेस्टेरॉल असलेल्या बाईत ते पंचावन्नाव्या वर्षीही पूर्ण होऊ शकतं. सगळ्यात डोळ्यांत भरणारी खूण हीच सगळ्यात आधी कमजोर पडली.

आता उरलं भिंग, तेही एकच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन 2016 साली एका शिबिरात झालं होतं आणि तिथे प्लास्टिकचं कृत्रिम भिंग होतं. डाव्या डोळ्यातलं भिंग त्यांचं स्वतःचं.

भिंगाचं वय आणि माणसाचं वय यांचं नातं कड्यापेक्षा घट्ट आहे, कारण भिंगातून काहीच बाहेर पडत नाही. नवे तंतू जन्मभर बाहेरच्या अंगाला चढत राहतात, जुने मध्यभागी दाबले जातात आणि तिथेच राहतात. त्यातून दोन बदल होतात. एक म्हणजे भिंग कडक होतं, त्यामुळे जवळचं बघण्यासाठी त्याला फुगता येत नाही. दुसरा म्हणजे गाभा पिवळा पडतो, मग तांबूस, आणि धुरकट होत जातो.

पहिला बदल मोजता येतो. जवळच्या वस्तूवर नजर जुळवायची ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात. पट्टीवरचं बारीक अक्षर डोळ्याकडे सरकवत न्यायचं आणि ते कुठे पुसट होतं ते टिपायचं. या ताकदीचा एक जुना हिशेब आहे: सरासरी ताकद म्हणजे 18.5 वजा वयाच्या 0.3 पट. चाळिशीला उत्तर येतं 6.5. 57 ला येतं 1.4. 66 ला उणे येतं, म्हणजे शून्य. कागदावर 57 आणि 66 वेगळे निघतात, म्हणून मी मोजून पाहिलं. मावशींना अक्षरओळख नाही, तेव्हा अक्षरांऐवजी बारीक ठिपक्यांची चकती वापरली. दूरचा नंबर घालून डाव्या डोळ्याची ताकद 1 डायऑप्टरच्या थोडी वर आली.

मग 57 खरं? नाही. कारण तीच चकती मी उजव्या डोळ्यापुढेही धरली. त्या डोळ्यात प्लास्टिकचं भिंग आहे, ते जन्मात फुगणार नाही. तरीही पट्टीवर आकडा जवळपास तोच आला. म्हातारपणी बाहुली बारीक होते, आणि बारीक भोकातून बघितलं की थोडं पुढेमागे सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पट्टी ताकद म्हणून जे मोजत होती ते हेच होतं. म्हणजे डाव्या डोळ्याची खरी ताकद शून्याजवळ आली होती, आणि शून्य हे शून्यच असतं, ते कधी झालं हे सांगत नाही. ही मोजणी पस्तिशी आणि पन्नाशी यांतला वाद सोडवायला उपयोगी पडते. पंचावन्नच्या पुढे तिला काही बोलता येत नाही. चाळिशीच्या चष्म्याच्या नंबराचंही तसंच: साठीच्या आसपास तो अडीचवर थांबतो आणि मग पुढची वीस वर्षं तिथेच राहतो.

राहिला गाभ्याचा रंग आणि धुरकटपणा. बाहुली औषधाने मोठी करून प्रकाशाची फट तिरकी टाकली. भिंगाच्या गाभ्याची प्रत ठरवण्यासाठी प्रमाण छायाचित्रांचा संच असतो, समोरचं भिंग त्यांच्याशी ताडून बघायचं. मावशींचा गाभा सहापैकी चौथ्या छायाचित्राच्या आसपास होता: पिवळ्याच्या पुढे, तांबूसकडे झुकलेला. शिवाय बाहेरच्या थरात, नाकाच्या खालच्या बाजूला, चाकाच्या आऱ्यांसारख्या तीन-चार पांढऱ्या रेघा.

इथे नवख्या डॉक्टरांची नेहमी एक गफलत होते. टॉर्च मारला की म्हाताऱ्या माणसाची बाहुली करडी दिसते, आणि ती बघून "मोतीबिंदू पिकला" असं लिहिलं जातं. हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपने आत उजेड टाकावा. डोळ्याच्या तळाची लाल झळाळी स्वच्छ परत येत असेल तर तो नुसता वयाचा करडेपणा. झळाळीत काळे डाग किंवा सावल्या आल्या तर मोतीबिंदू. मावशींच्या डोळ्यात झळाळी मंद होती आणि त्यात त्या आऱ्यांच्या काळ्या सावल्या पडत होत्या, म्हणजे मोतीबिंदू होताच.

पण मोतीबिंदूचं मोजमाप म्हणजे वयाचं मोजमाप नव्हे. त्यांचं आयुष्य उन्हात निंदणी-खुरपणीत आणि घरी चुलीच्या धुरात गेलेलं. दोन्हीमुळे भिंग लवकर धुरकट होतं. नाकाच्या खालच्या बाजूचे आरे तर उन्हाच्या माऱ्याशी जोडले जातात. म्हणून घरून कार्यालयात आणि कार्यालयातून घरी गेलेल्या माणसाचं साठीतलं भिंग आणि शेतमजुराचं पन्नाशीतलं भिंग एकसारखं दिसू शकतं. साखर तपासली, ती ठीक होती. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या आहेत का, हे विचारलं. नव्हत्या, आणि भिंगाच्या मागच्या पापुद्र्यालगत त्यांचा ठसाही नव्हता. डोळ्याला मार लागल्याचा इतिहास नव्हता. तेव्हा वयाखेरीज दोन कारणं उरली, ऊन आणि धूर, आणि ती वजा करायचं काही साधन नाही.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी दुवा यंत्रातून मिळालाच नाही, तो मावशींच्या बोलण्यात होता. डाव्या डोळ्याचा नंबर काढला तर दूरचा उणे साडेतीन निघाला. पूर्वी कधी लांबचं दिसायला त्रास होता का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. उलट त्यांनीच सांगितलं की मध्यंतरी बरीच वर्षं सून सुई ओवून द्यायची, मग हळूहळू त्यांनाच बिनचष्म्याचं ओवता यायला लागलं. "समद्या म्हनायच्या, मावशीचे डोळे उलटे तरुन झाले." हे गाभा कडक होत जाण्याचं नेमकं लक्षण आहे. घट्ट झालेला गाभा प्रकाश जास्त वाकवतो, डोळा जवळच्या नजरेकडे सरकतो, आणि चाळिशीचा चष्मा काही काळ सुटतो. यासाठी आधी चाळिशी लागून बरीच वर्षं लोटावी लागतात. सुई ओवता यायला लागली ती कधी? "ह्या नातीच्या बारशाच्या टायमाला." नात दहा वर्षांची. म्हणजे 2013 च्या आसपास हा बदल जाणवण्याइतका झाला होता. आधार खरं मानलं तर तेव्हा वय 47. मावशींचं खरं मानलं तर 55-56. सत्तेचाळिसाव्या वर्षी असं होणं अशक्य नाही, पण त्यासाठी आणखी काहीतरी कारण शोधावं लागतं. पंचावन्नला काहीच शोधावं लागत नाही.

एवढ्यावर मी अभिप्राय लिहिला. "डोळ्यांतील बदल वय 55 पेक्षा अधिक असल्याशी सुसंगत आहेत. पारपटलावरील कडे पूर्ण असले तरी रक्तातील चरबी वाढलेली असल्याने त्यास स्वतंत्र वजन देता येत नाही. अर्जदाराने सांगितलेले वय डोळ्यांच्या तपासणीशी विसंगत नाही. 65 पूर्ण आहे किंवा नाही, हे केवळ डोळ्यांवरून सांगता येणार नाही." दंतवैद्यांचा आणि क्ष-किरणवाल्यांचा अभिप्रायही तसाच, साठीच्या मागेपुढे घुटमळणारा. अधीक्षकांनी तिन्ही एकत्र करून "60 ते 70" असा दाखला दिला. कार्यालयातून फाईल परत आली: निश्चित वय नमूद करावे.

खरं तर निश्चित वय मावशींच्या डाव्या डोळ्यात होतं, फक्त ते वाचायची सोय आपल्याकडे नव्हती. भिंगाचा अगदी मधला गाभा जन्माआधी आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनतो आणि पुन्हा बदलत नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून 1963 पर्यंत हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळे वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला आणि मग वर्षागणिक उतरत गेला. तो अन्नातून शरीरात येतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं की मृत व्यक्तीच्या भिंगातल्या प्रथिनांचा कार्बन मोजून जन्मवर्षाचा अंदाज बांधता येतो. 1957 च्या जन्माचा गाभा आणि 1966 च्या जन्माचा गाभा या कसोटीवर अगदी वेगळे ठरतील, कारण मधल्या काळात ती पातळी झपाट्याने चढली होती. आपल्याकडे फेको यंत्राशिवाय होणाऱ्या मोतीबिंदू ऑपरेशनात गाभा अखंड बाहेर येतो आणि कचऱ्याच्या पिशवीत जातो. निवृत्तीवेतनाच्या अर्जासाठी कुणी त्याचा कार्बन मोजायला जाणार नाही, आणि जाऊही नये. पण असा अर्ज समोर आला की मला हे आठवतं खरं.

प्रश्न सुटला तो घरच्या कागदांनी. थोरला मुलगा, तोच ठळक कमानीवाला, चौथीपर्यंत शिकलेला. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1975. ही 1 जूनही गुरुजींनीच घातलेली असणार. पण गुरुजी वर्ष-दीड वर्ष इकडेतिकडे करतील, दहा वर्षं नाही. 1966 चा जन्म धरला तर मुलगा झाला तेव्हा आई नऊ वर्षांची ठरते. आधार तिथेच संपलं. मग मावशींना दुष्काळाबद्दल विचारलं. 1972 च्या दुष्काळात त्या माहेरी होत्या, रस्त्याच्या कामावर आईबरोबर खडी फोडायला जात, मिलोची भाकर आणि सुकडी खाल्लेली आठवते. त्याच्या आदल्या वर्षी न्हाण आलं होतं आणि दुष्काळ सरल्यावर लगीन झालं. न्हाण तेरा-चौदाव्या वर्षी धरलं तर जन्म 1957-58 चा. 2023 मध्ये 65 ते 66.

ही हकिगत आणि मुलाचा दाखला जोडून अधीक्षकांनी दुसऱ्यांदा लिहिलं: कागदोपत्री पुरावा व वैद्यकीय तपासणी एकत्र विचारात घेता वय 65 पेक्षा कमी नसावे. माझ्या अभिप्रायाचा त्यात वाटा एवढाच की डोळ्यांनी त्या हकिगतीला कुठे खोडा घातला नाही. अर्ज मंजूर झाला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मी आधीच सुचवलं होतं, पण मावशी फाईल हलेपर्यंत तयार नव्हत्या, आणि त्यांचं ते थांबणं एका अर्थी शहाणपणाचं होतं. ते भिंग काढलं की पुन्हा तपासणीची वेळ आल्यास दाखवायला काही उरत नाही. उजव्या डोळ्याचं तेच झालं होतं. शिबिराच्या कार्डावर नुसतं "वय 60, मोतीबिंदू" असं लिहिलेलं, आणि असं गोल वय बहुतेक विचारणाऱ्याच्या अंदाजाचं असतं. गाभ्याची प्रत, रंग, काहीच नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्लिट लॅम्पवर दोन्ही डोळ्यांच्या कड्यांचे आणि डाव्या भिंगाचे फोटो काढले, पापणी उचलून वरच्या कमानीचाही एक, आणि तारीख घालून केसपेपरला जोडले. मुलगा आता चरबीच्या गोळ्यांवर आहे. त्याच्या कमानी गोळ्यांनी पुसल्या जाणार नाहीत हे त्याला सांगितलं आहे, कारण दर खेपेला तो आरशात बघून विचारतो.